पावडरीचा डबा घेण्याआधी : शाकाहारी नोकरदाराच्या रोजच्या प्रोटीनचा हिशेब

जिममधले सर सांगतात, "ताई, तुमचं प्रोटीन फार कमी पडतंय." ऑफिसातली मैत्रीण बॅगेतून पावडरीचा डबा काढून दाखवते. दोघांचाही हेतू चांगला असतो, पण तुमच्या घरात महिन्याला डाळ किती लागते हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं. पावडर हवी की नको हे त्या उत्तरावर ठरतं. हा हिशेब कागद-पेन्सिल आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन घरीच मांडता येतो. तो कसा मांडायचा, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरणासाठी ठाण्यातल्या एका कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारी छत्तीस वर्षांची बाई घेऊ. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. अंडी-मांस खात नाही, दूध-दही चालतं. घरात चार माणसं.

आधी वजन, पण कोणतं?

प्रोटीनची गरज 'किलोमागे इतके ग्रॅम' अशी सांगतात. इथे काट्यावरचं वजन जसंच्या तसं धरलं की बऱ्याच जणांचा आकडा उगाच फुगतो. वाढलेली चरबी फारसं प्रोटीन मागत नाही. ते लागतं स्नायूंना आणि अवयवांना. म्हणून उंचीला शोभेल असं वजन काढायचं. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि आलेल्या संख्येला २२ ने गुणा. या बाईंच्या बाबतीत १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५, आणि त्याला २२ ने गुणलं की ५५. हिशेब ६४ वर न करता ५५ किलोवर करायचा. वजन याहून कमी असलेल्या सडपातळ माणसानेही उंचीवरून आलेलाच आकडा धरावा.

मग किलोमागे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे आकडे दिले, त्यात निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम असं प्रमाण आहे. ५५ किलोला ते सुमारे ४६ ग्रॅम होतं. पण हा आकडा चांगल्या प्रतीच्या प्रोटीनसाठी आहे. जेवणात पोळी-भाताचाच भरणा असेल, तर त्याच संस्थेच्या सांगण्यानुसार किलोमागे १ ग्रॅम धरावं.

हा फरक का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं. त्यातली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, पण त्यांत मिथिओनीन कमी, आणि ते धान्यांत पुरेसं असतं. वरण-भात किंवा उसळ-भाकरी अशी जोडी जमली की दोघांची उणीव भरून निघते. दोन्ही एकाच घासात असायला हवं असं नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. मात्र डाळ नावालाच असेल, तर पोळीतल्या प्रोटीनचा शरीराला पूर्ण उपयोग करून घेता येत नाही. दूध-दही ही उणीव चांगली भरून काढतं.

म्हणून आपल्याकडच्या शाकाहारी बैठ्या माणसाने सरळ किलोमागे १ ग्रॅम हे उद्दिष्ट ठेवावं, असं माझं मत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्याने १.२ धरावं. साठी ओलांडलेल्यांनीही १ ते १.२ च्या दरम्यान राहावं, कारण त्या वयात स्नायू झपाट्याने कमी होतात. स्नायू वाढवण्यासाठी नेटाने व्यायाम करणाऱ्यांना १.६ पर्यंत फायदा दिसतो, त्यापलीकडे सहसा फारसं काही मिळत नाही. 'किलोमागे २ ग्रॅम' हा जिममध्ये सर्रास ऐकू येणारा आकडा खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे आकडे वेगळे असतात, ते डॉक्टरांकडून घ्यावेत.

आपल्या उदाहरणातल्या बाई फक्त चालायला जातात. त्यांचं उद्दिष्ट ५५ ग्रॅम, आणि ४६ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

सध्या पोटात किती जातं?

इथे सगळ्यात मोठा घोळ होतो तो कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा. राजम्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅम प्रोटीन असं वाचून लोक वाटीभर शिजलेल्या राजम्याला २० ग्रॅम लावून टाकतात. तो आकडा कोरड्या राजम्याचा असतो. भिजून-शिजून त्यात पाणी भरतं आणि वजन दुपटीच्याही वर जातं, म्हणून वाटीत प्रत्यक्षात सात-आठ ग्रॅमच निघतात. उपाय सोपा आहे : शिजवायच्या आधी कोरडं मोजायचं आणि जेवणाऱ्या माणसांत विभागायचं.

फार आकडे पाठ करायची गरज नाही. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ते २४ ग्रॅम, अख्ख्या कडधान्यात १९ ते २०, शेंगदाण्यात २३, कणकेत आणि ज्वारी-बाजरीच्या पिठात १० ते ११, तांदळात ८, पोह्यांत ७ च्या आसपास. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला ३.२ आणि दह्यातही जवळपास तितकंच. पनीरमध्ये १८ ते १९. सोयाच्या वड्यांत तब्बल ५० च्या वर. भाज्यांची वाटी सरसकट २ ग्रॅम धरली तरी चालेल.

आता बाईंचा कामाचा दिवस बघू. तीन कप चहात मिळून दीडशे मिलिलिटर दूध, म्हणजे ५ ग्रॅम. सकाळी कांदेपोहे : ६० ग्रॅम पोहे आणि मूठभराहून कमी शेंगदाणे, मिळून ७. डब्यात तीन पोळ्या आणि कोरडी भाजी. एका पोळीला साधारण २५ ग्रॅम कणीक लागते, तेव्हा तीन पोळ्यांचे ८ आणि भाजीचे २, असे १०. संध्याकाळी चहाबरोबर चार-पाच बिस्किटं, २. रात्री एक पोळी, ६० ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, भाजी आणि छोटी वाटी दही. वरणातली त्यांच्या वाट्याची डाळ मोजली तर २० ग्रॅम भरते, म्हणजे प्रोटीन ४ ग्रॅमच्या थोडं वर. रात्रीचं सगळं मिळून १७.

बेरीज ४१ ग्रॅम. उपासमार नाही, पण ४६ ची पातळीही गाठलेली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यातले २२ ग्रॅम पोळी, भात, पोहे आणि बिस्किटांतून आले आहेत. निम्म्याहून जास्त प्रोटीन धान्याचं आणि डाळीचं जेमतेम चार ग्रॅम, असं हे ताट आहे. म्हणजे प्रमाणही कमी आणि प्रतही कमी.

एका दिवसाच्या मोजणीवर विसंबायचं नसेल तर किराणा यादी काढा. माझा या पद्धतीवर जास्त भरवसा आहे, कारण आठवण चुकते पण वाण्याचं बिल चुकत नाही. महिन्याला संपणाऱ्या सगळ्या डाळी आणि कडधान्यांची बेरीज करा, माणसांनी भागा, मग ३० ने भागा. या घरात महिन्याला दीड किलो तूरडाळ, अर्धा किलो मूगडाळ आणि बाकी कडधान्य मिळून अर्धा किलो संपतं. अडीच किलो भागिले चार माणसं भागिले तीस दिवस म्हणजे माणशी रोज २१ ग्रॅम. वरची मोजणी बरोबर होती, हे इथे पडताळून निघतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या आदर्श ताटात डाळी-कडधान्यं रोज ८५ ग्रॅम आहेत. या घरात त्याच्या पावपटच येतात. अनेक घरांत हेच चित्र दिसतं, कारण वरण पातळ होत जातं आणि उसळ आठवड्यातून एकदाच होते.

उपासाचा आणि ऑफिसचा हिशेब वेगळा मांडा

दोन जागा अशा आहेत की तिथे आकडा गुपचूप खाली येतो. पहिली म्हणजे उपास. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटातून येतं. आठवड्यातून दोन उपास करणाऱ्यांनी त्या दिवशी कूट सढळ हाताने घालावं, सोबत दही आणि पेलाभर दूध घ्यावं. भगरीला दाण्याच्या आमटीची जोड देण्याची जुनी पद्धत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे.

दुसरी जागा ऑफिसचा डबा. वरण सांडतं म्हणून डब्यात डाळ जातच नाही, आणि दुपारचं सगळं जेवण पोळी-भाजीवर निभावतं. खरा बदल इथेच करायला हवा, पण तो सांडणार नाही असा हवा.

तूट कशी भरायची

बाईंना ४१ वरून ५५ ला जायचं आहे, म्हणजे १४ ग्रॅम हवेत. चार ठिकाणी हात लावू.

डब्यातल्या भाजीच्या जागी मटकी, मूग किंवा चवळीची सुकी उसळ, माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य धरून. त्यातून ६ ग्रॅम मिळतात, भाजीचे २ वजा गेले, निव्वळ वाढ ४. रोज उसळ नको असेल तर झुणका, वाटली डाळ किंवा डाळ घातलेली कोबीची भाजी करा, हिशेब जवळपास तोच राहतो. डब्यासोबत एक वाटी दही, ३ ग्रॅम. संध्याकाळी बिस्किटांऐवजी ३० ग्रॅम फुटाणे. बिस्किटांचे २ वजा जाऊन ४ ची वाढ. रात्रीचं वरण दाट करायचं, वाट्याची डाळ २० वरून ३५ ग्रॅमवर न्यायची, म्हणजे आणखी ३. झाले १४.

यात एकही वस्तू नवी नाही आणि स्वयंपाकाचा वेळ वाढतो तो कडधान्य भिजत घालण्यापुरता. कॅलरी मात्र थोड्या वाढतात, साधारण दोनशेच्या आसपास. बाईंचं वजन आधीच जास्त आहे, म्हणून दुपारची एक पोळी आणि रात्रीचा थोडा भात कमी करावा लागेल. त्यात चारेक ग्रॅम प्रोटीनही जातं. ते भरून काढायला आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पोह्यांऐवजी मूगडाळीची धिरडी करता येतात. ४० ग्रॅम डाळीच्या धिरड्यांतून ९ ते १० ग्रॅम मिळतात, पोह्यांतून ७ मिळत होते. शिवाय आठवड्यातून दोनदा रात्रीच्या भाजीत २५ ग्रॅम कोरड्या सोयाच्या वड्या किंवा ५० ग्रॅम पनीर घातलं की त्या दिवशी आकडा ६० च्या पुढे जातो. आठवड्याची सरासरी ५५ च्या जवळ राहिली की पुरे. रोज काटेकोर मोजत बसू नये.

पोट बिघडणं ही इथली खरी अडचण आहे, आणि बहुतेक लोक तिच्यामुळेच दोन दिवसांत हे सोडून देतात. एकदम चौपट कडधान्य खाल्लं तर गॅस होणारच. पहिल्या आठवड्यात फक्त वरण दाट करा. दुसऱ्या आठवड्यात मूग-मटकीची उसळ आणा. राजमा, छोले, वाल सगळ्यात शेवटी. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात बोटाने सहज चुरडेल इतकं मऊ शिजवा, फोडणीत हिंग असू द्या. मोड आणल्याने पचन सोपं होतं, पण प्रोटीन वाढत नाही. उलट पाणी भरल्यामुळे वाटीमागे ते कमीच भरतं.

ज्यांना प्रोटीनचा साठा समजून आपण खातो पण त्यात फारसं नसतं, अशाही काही वस्तू आहेत. दहा बदामांत २ ग्रॅमच्या थोडं वर, पेलाभर पातळ ताकात दीड-दोन, वाटीभर मशरूममध्ये दोन-तीन. खायला जरूर खा, पण हिशेबात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

मग पावडर कुणाला लागते?

याच बाईंनी उद्या वजनांचा व्यायाम सुरू केला तर उद्दिष्ट ५५ गुणिले १.२, म्हणजे ६६ होईल. वरचे ११ ग्रॅम पेलाभर दूध आणि २० ग्रॅम शेंगदाण्यांतून किंवा ६० ग्रॅम पनीरमधून येतात. अजूनही पावडरीची गरज नाही.

१.६ चं उद्दिष्ट, म्हणजे ८८ ग्रॅम ठेवलं की गोष्ट बदलते. तेही घरच्या अन्नातून जमतं, पण वजन उतरवायचं असल्यामुळे कॅलरी मर्यादित ठेवून ८८ गाठताना ताट अवघड होऊन बसतं. तिथे डब्यासोबत येणाऱ्या मापाचा एक चमचा पावडर ही सोय म्हणून रास्त आहे. तसंच दूधही न घेणारे आणि सोया न पचणारे, दात किंवा भूक गेलेले वृद्ध, मोठ्या आजारातून उठलेली माणसं, यांना ती खरोखर उपयोगी पडते. बाकी बहुतेक शाकाहारी नोकरदारांची तूट दहा-पंधरा ग्रॅमची असते, आणि ती डाळीच्या डब्यातच भरून निघते.

केस गळतात, थकवा येतो म्हणून पावडर घेणारे खूप आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. शाकाहारी भारतीयांत बी-१२ ची कमतरता फार आढळते, आणि ती प्रोटीन पावडरीने भरून निघेल असं नाही. रक्ताच्या रिपोर्टमधलं 'टोटल प्रोटीन' किंवा 'अल्ब्युमिन' पाहून आहारातलं प्रोटीन पुरेसं आहे की नाही हे ठरवता येत नाही. ते आकडे मुख्यतः यकृत, मूत्रपिंड आणि शरीरातली सूज यांच्याबद्दल सांगतात. आहार थोडा कमी असताना ते बहुधा ठीकच येतात. आहाराचा अंदाज ताटावरूनच घ्यावा लागतो.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हा सगळा लेख लागू नाही. त्यांचं प्रोटीन डॉक्टर ठरवतात आणि ते अनेकदा कमी ठेवावं लागतं. मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षं असेल तर उद्दिष्ट वाढवण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं.

घ्यायचीच असेल तर डबा असा वाचा

मागच्या बाजूची पौष्टिकतेची सारणी बघा. एका चमच्याचं वजन आणि त्यातलं प्रोटीन, असे दोन आकडे घ्या. ३० ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ऐंशी टक्के, उत्तम. ३० ग्रॅममध्ये १० च निघत असतील तर उरलेलं बहुतांश साखर आणि माल्ट असतं, मग डब्यावर पुढे कितीही मोठ्या अक्षरांत 'प्रोटीन' लिहिलेलं असो. घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन वेगळं नोंदलेलं दिसलं तर सावध व्हा. प्रोटीनची नेहमीची चाचणी पदार्थातला नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढते. ही स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि आकडा कागदावर फुगतो. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक डब्यावर असायलाच हवा. दूध पचत नसेल तर दुधाच्या निवळीपासून केलेल्या व्हे पावडरीत काँसन्ट्रेटऐवजी आयसोलेट हा प्रकार घ्या, त्यात लॅक्टोज ही दुधातली साखर फारच कमी असते. दूध पूर्ण वर्ज्य असेल तर वाटाण्याची किंवा सोयाची पावडर मिळते.

किमतीची तुलना डब्याच्या भावावरून करू नका, प्रोटीनच्या ग्रॅमवरून करा. समजा एक किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि त्यात शेकडा ७५ प्रोटीन आहे, तर ७५० ग्रॅम प्रोटीन मिळालं, म्हणजे ग्रॅमला ३ रुपये २० पैसे. तूरडाळ १४० रुपये किलो धरली तर किलोत सुमारे २१७ ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला ६५ पैसे. दूध ६० रुपये लिटर धरलं तर लिटरमध्ये ३२ ग्रॅम, ग्रॅमला १ रुपया ९० पैसे. सोयाच्या वड्या १५० रुपये किलो धरल्या तर ग्रॅमला तीस पैशांच्याही आत. भाव तुमच्या दुकानाचे घाला, क्रम फारसा बदलणार नाही.

पावडर आणली तरी ती जेवणाऐवजी घेऊ नका. तुटीपुरतीच घ्या. तूट १२ ग्रॅमची असेल तर अर्धा चमचा पुरतो, आणि डबाही दुप्पट दिवस चालतो. महिनाभराने किराणा बिलावरून डाळ-कडधान्याचा माणशी आकडा पुन्हा काढा. तो ६० ग्रॅमच्या पुढे गेला असेल आणि दूध-दही रोज होत असेल, तर पुढचा डबा आणायचं कारण उरत नाही.